वर्षाचा दिवस जवळ येताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

घरातलं माणूस गेल्यावर पहिले दहा-बारा दिवस कसे जातात ते कळत नाही, असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं. पण वर्ष भरत आलं की काय होतं, याविषयी फारसं कुणी बोलत नाही. अकरा महिने बऱ्यापैकी सावरलेला माणूस बाराव्या महिन्यात पुन्हा खचतो. झोप उडते, जेवण कमी होतं, लहानसहान गोष्टीवरून सुनेवर किंवा शेजाऱ्यांवर चिडचिड होते. त्याला वाटतं, मी मागे गेलो. एवढे दिवस धरलेला धीर खोटा होता. लोक म्हणतात, "आता वर्ष होत आलं, आता तरी सावरा." ज्या महिन्यात सावरणं सर्वांत कठीण, त्याच महिन्यात हे ऐकावं लागतं.

माझी पत्नी गेल्या वर्षी २४ डिसेंबरला गेली. हा अंक दत्तजयंतीला, म्हणजे ४ डिसेंबरला, आपल्या हाती येईल. त्यानंतर दहा दिवसांनी तिचं वर्षश्राद्ध आहे. हे मी कार्तिकात लिहितो आहे, म्हणजे तो दिवस अजून यायचा आहे. तो येऊन गेल्यावर शहाणपणाचं लिहिणं सोपं असतं. येण्यापूर्वी मनात जे प्रश्न उभे राहतात, ते माझ्या वयाच्या बऱ्याच वाचकांच्या मनातही असतील, म्हणून ते इथे मांडतो. मी काही शास्त्री नाही. कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. हिशेब लागेपर्यंत उठायचं नाही, एवढीच सवय.

पहिला प्रश्न अगदी साधा वाटतो: दिवस कोणता? २४ डिसेंबर ही तारीख तर पाठ आहे. पण श्राद्ध तिथीला करायचं. मेहुण्यांनी त्या दिवशीचं कॅलेंडर बघून वहीत 'मार्गशीर्ष वद्य नवमी' असं लिहून ठेवलं होतं. दिवाळीनंतर आमचे गुरुजी आले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "वहिनी किती वाजता गेल्या?" मी म्हटलं, "रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी." त्यांनी जुनं पंचांग काढून बघितलं आणि म्हणाले, "मग नवमी नव्हे, दशमी."

कारण असं. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी ही त्या दिवशी सूर्योदयाला असलेली तिथी. तिथी काही रात्री बारा वाजता बदलत नाही. ती चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला यावर ठरते आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी संपते. गेल्या वर्षी २४ डिसेंबरला नवमी संध्याकाळी आठच्या आतच संपली होती. ही गेली तेव्हा दशमी लागून तास-दीड तास झाला होता. श्राद्धाला धरायची ती मृत्यूच्या वेळची तिथी.

आता यंदा ती दशमी कधी? ती १३ डिसेंबरला दुपारी साडेचारनंतर लागते आणि १४ला संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास संपते. म्हणजे दोन्ही दिवशी थोडी थोडी आहे. इथे दुसरा नियम येतो. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच समान भाग करायचे; त्यातला चौथा भाग म्हणजे अपराह्ण. डिसेंबरात तो आपल्याकडे साधारण दुपारी दीड ते पावणेचार असा येतो. वार्षिक श्राद्धाची तिथी या वेळेला असावी लागते. १३ तारखेला त्या वेळी नवमीच आहे, १४ला मात्र पूर्ण अपराह्णभर दशमी आहे. म्हणून १४ डिसेंबर, रविवार. नवमी धरली असती तर १३ तारीख आली असती.

वाचकांना माझं एकच सांगणं आहे. ज्यांच्या घरी यंदा असा प्रसंग झाला असेल, त्यांनी तारखेबरोबर वेळही वहीत लिहून ठेवावी. नगरपालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर साधारणपणे फक्त तारीख असते. वेळ असते ती दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर, आणि ते कागद विम्याचं आणि बँकेचं काम झालं की कपाटात कुठेतरी तळाला जातात. ज्यांना तिथी कळण्याचा मार्गच नाही, महिना तेवढा ठाऊक आहे, त्यांनी त्या महिन्याची अमावास्या धरावी, अशी सोय आहे. करोनाच्या काळात ज्यांची माणसं दवाखान्याच्या दारापलीकडेच गेली, त्यांच्यातल्या कित्येकांना ही सोय लागली असेल.

एवढा हिशेब झाल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि मी पेन खाली ठेवलं. गेल्या वर्षी दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. संध्याकाळी देवळात जन्माच्या वेळी हिने पाळण्याची दोरी ओढली होती, घरी येताना सुंठवड्याची पुडी पदराला बांधून आणली होती. तीच १४ डिसेंबर ही तारीख यंदा तिच्या श्राद्धाची आहे.

मग मी दोन कालगणना शेजारी शेजारी मांडून बघितल्या. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, आपलं इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत जाते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. दत्तजयंतीच बघा. २०२३ साली ती २६ डिसेंबरला होती, २०२४ला १४ डिसेंबरला, यंदा ४ डिसेंबरला. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती एकदम २३ डिसेंबरला जाईल. आणि मार्गशीर्ष वद्य दशमी? ती यंदा १४ डिसेंबरला आहे, आणि त्यापुढची थेट २०२७च्या जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे २०२६ या इंग्रजी सालात हिच्या श्राद्धाची तिथी येतच नाही. तारीख मात्र येणार. २४ डिसेंबर काही चुकायची नाही.

मग तिचा दिवस कोणता खरा? हा प्रश्न आमच्या घरात यंदा प्रत्यक्षच उभा राहिला. चिरंजीव बंगळूरला असतात, ते १४ला रविवार म्हणून येऊ शकतात. लेक परदेशी आहे, तिच्या मुलांना नाताळची सुट्टी लागल्यावर ती २२ तारखेला पोचणार. ती फोनवर म्हणाली, "बाबा, मी येईन तेव्हा सगळं झालेलं असेल का? आई तर चोवीसला गेली ना." तिला काय उत्तर द्यावं?

शास्त्राचं उत्तर सरळ आहे. श्राद्ध तिथीला, आणि ते एकदाच. पण लेकीच्या प्रश्नातलं दुःख श्राद्धाविषयीचं नव्हतंच. या एका वर्षात मला जे उमगलं ते सांगतो, कारण मला वाटतं जवळ येणाऱ्या दिवसाची सगळी जड गाठ तिथेच आहे.

माणूस गेल्यापासून वर्षभर आपण एक वाक्य मनात म्हणत असतो: गेल्या वर्षी या दिवशी ती होती. गुढीपाडव्याला म्हटलं, गेल्या पाडव्याला तिने गुढीला साखरेची गाठी बांधली होती. आषाढीला म्हटलं, श्रावणात म्हटलं. दिवाळीत घरी फराळ केला नाही. शेजारच्या काकूंनी आणून दिला, तेव्हाही म्हटलं. हे वाक्य रडवतं, पण आधारही देतं. कारण जोवर ते खरं आहे तोवर ती एक वर्षाच्या अंतरावर आहे. कॅलेंडरचं पान मागे उलटलं की त्यावर तिच्या अक्षरात दुधाचा हिशेब आहे, गॅसच्या सिलिंडरची तारीख आहे. वर्षाचा दिवस आला की हे वाक्य संपतं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून 'गेल्या वर्षी या दिवशी' म्हटलं तर ती नसते. मी एकटा असतो आणि दारात चपलांचा ढीग असतो. माणूस एकदा गेलेलंच असतं, वर्षाच्या दिवशी हा आधारही जातो. म्हणून त्याच्या आधीचा महिना इतका जड जातो. माणूस मागे गेलेला नसतो, त्याच्यापुढे एक नवीन वियोग येऊन ठाकलेला असतो.

मनाच्या डॉक्टरांनाही हे चांगलं ठाऊक आहे. वर्षदिनाच्या आसपास दुःख पुन्हा उसळतं, शरीरही ते दाखवतं आणि काही दिवसांनी ओसरतं, असं ते सांगतात. त्यामुळे त्या दिवसांत झोप न लागणं, एकदम रडू येणं, गेलेल्याचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, याला घाबरायचं कारण नाही. सांभाळायचं ते वेगळ्या गोष्टींना. रक्तदाबाची, साखरेची गोळी घेणं सुटलं, जेवणच थांबलं, दिवस होऊन महिना-दोन महिने झाले तरी अंथरुणातून उठवेना, किंवा 'आता मला कशाला ठेवलंय' असं माणूस पुन्हा पुन्हा म्हणू लागलं, तर ते श्राद्धाने सुटायचं नाही. तिथे डॉक्टरच लागतात. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे, १४४१६ क्रमांकाची. त्यावरही बोलता येतं. आपल्या पिढीला असा फोन करण्याचा संकोच वाटतो. छातीत दुखलं तर आपण संकोच करीत नाही, इथेही करू नये.

आता पुन्हा दोन दिवसांकडे. यंदा तिथी आधी येते आणि तारीख दहा दिवसांनी. म्हणजे १४ ते २४ डिसेंबर या दहा दिवसांत तिथीच्या हिशेबाने वर्ष पुरं झालेलं असेल, आणि तारखेच्या हिशेबाने 'गेल्या वर्षी या दिवशी ती होती' हे अजून खरं असेल. पहिल्यांदा मला हे विचित्र वाटलं. पण जसजसा विचार करतो तसतसं वाटतं की यात एक दया आहे. निरोप दोन पायऱ्यांनी होतो. मी लेकीला सांगितलं, "चौदाला दादा श्राद्ध करील. तो आईचा दिवस. चोवीसला आपण सगळे बसू, तो आपला दिवस." ती रडली, पण तिला ते पटलं.

मी 'आईचा दिवस' आणि 'आपला दिवस' असं का म्हटलं, ते सांगायला हवं. तारीख ही आपल्या व्यवहाराची आहे. दवाखान्याचा कागद, दाखला, पासबुकातून नाव कमी करण्याचा अर्ज, मोबाइलमधले फोटो, सगळीकडे तारीख. ती मागे राहिलेल्यांना ठाऊक आहे. तिथी मात्र तिला एका ओळीत नेऊन बसवते. श्राद्धात मुलगा एकट्या आईचं नाव घेत नाही. आई, आजी, पणजी अशी तीन नावं घेतो. आई वसुरूप, आजी रुद्ररूप, पणजी आदित्यरूप. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. आजीला मी फक्त एका धूसर फोटोत बघितलंय. या दोघींच्या मागोमाग आता हिचं नाव येणार. सासू-सुनेचं आयुष्यभर फारसं जमलं नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी संकल्पात त्या शेजारी शेजारी बसतात. आणि उद्या नातवंडांच्या पिढीत ही ओळ एकेक पाऊल पुढे सरकेल. वसूची रुद्र होईल, रुद्राची आदित्य होईल, आणि त्यापलीकडे नावाने हाक मारणारं कुणी उरणार नाही. तीन पिढ्या म्हणजे साधारण तितकीच माणसं, ज्यांना कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं असतं. शास्त्राने दुःखाला कायमचं खातं उघडून दिलेलं नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

बाराव्या दिवसाचं सपिंडीकरण आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं, पण त्या वेळी डोळे भरलेले असल्याने नीट दिसत नाही. गेलेल्याच्या नावाचा पिंड घेऊन त्याचे तीन भाग करतात आणि ते आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. त्या क्षणी ते माणूस पितरांत जातं. हा विधी मुळात वर्षाच्या शेवटी करायचा. तोपर्यंत महिन्याच्या महिन्याला श्राद्ध करायचं. गरुडपुराणात जिवाच्या वर्षभराच्या प्रवासाचं वर्णन आहे, त्या वाटेवरची ती शिदोरी. पण कर्त्याच्या आयुष्याचा भरवसा नाही, घरात मंगलकार्यं असतात, म्हणून शास्त्रकारांनी बाराव्या दिवशीच ते करण्याची मुभा दिली आणि आता सगळीकडे तसंच चालतं. मुभा योग्यच आहे. पण तिच्यामुळे आपला एक समज होतो की बाराव्याला सगळं संपलं, तेराव्याला गोड जेवण झालं, चौदाव्या दिवसापासून माणसाने नेहमीसारखं वागावं. विधी बारा दिवसांत आटोपला तरी मन जुन्याच नियमाने चालतं. त्याला पुरतं वर्ष लागतं. कुणी मनाने मागे रेंगाळत असेल तर तो दुबळा आहे असं म्हणू नये. तो मूळ वेळापत्रकाने चालला आहे.

माझ्यासारख्या विधुराची एक वेगळी अडचण असते. मुलगा असल्यामुळे श्राद्धाचा अधिकार त्याचा. तो सोवळं नेसून बसणार, सून स्वयंपाकघरात, आणि मी? मी खुर्चीवर. चाळीस वर्षांचा संसार जिच्याबरोबर केला, तिच्या वर्षाच्या दिवशी मला काहीच काम नाही. अशा रिकाम्या बसण्यातच माणूस ढासळतो, हे मी आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत बघितलं आहे. म्हणून मी आधीच कामं मागून घेतली आहेत. दर्भ, काळे तीळ, पत्रावळी आणणं माझ्याकडे. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायला मीच जाणार. आणि खिरीचे तांदूळ आदल्या दिवशी मी निवडणार, कारण ती निवडायची तेव्हा मी समोर बसून वर्तमानपत्र वाचायचो.

स्वयंपाकाचं आम्ही मोजकं ठरवलं आहे. तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवार आणि लाल भोपळ्याची भाजी, अळूचं फदफदं, कढी, आमसुलाची चटणी. कांदा-लसूण नाही, दारात रांगोळी नाही. गुरुजी, सवाष्ण आणि घरची माणसं मिळून बारा पानं. काही नातेवाइकांचं म्हणणं होतं की हॉल घ्यावा, शे-दीडशे माणसं बोलवावीत, तेवढं केलं तरच वर्षश्राद्ध दिसतं. मी नको म्हटलं. माणसं मोजण्यात आणि केटररशी बोलण्यात तो दिवस निघून जातो आणि रात्री ध्यानात येतं की आपण तिची एकदाही आठवण काढली नाही. ज्यांना मोठं करायचं आहे त्यांना माझी हरकत नाही. पण दुःख चुकवण्यासाठी मोठं करीत असू, तर ते चुकत नाही. दुसऱ्या दिवशी येतं.

तो दुसरा दिवसच धोक्याचा. मुलगा रात्रीच्या गाडीने जातो, भांडी घासून होतात, घर एकदम मोठं वाटायला लागतं. दिवसाची तयारी सगळे करतात, दुसऱ्या दिवसाची कुणी करीत नाही. यंदा १५ तारखेला सफला एकादशी आहे. मी त्या दिवशी सकाळच्या एसटीने नृसिंहवाडीला जाणार आहे. आमच्या सांगलीहून वाडी जवळच आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बसायचं, पादुकांचं दर्शन घ्यायचं, संध्याकाळी परत यायचं. बरोबर देवळातले एक स्नेही येणार आहेत; त्यांचीही पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. आम्ही वाटेत फार बोलू असं नाही. न बोलता बरोबर असणारं माणूस त्या दिवशी लागतं.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही? अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे, पैशाची ओढ असलेले वाचकही असतील. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. शास्त्राने इथे एक फार सुंदर उतरंड ठेवली आहे. सपिंडक श्राद्ध जमत नसेल तर पिंडाशिवाय सांकल्पिक करावं. स्वयंपाक होत नसेल तर कोरडा शिधा द्यावा, ते आमश्राद्ध. तेही नसेल तर यथाशक्ती दक्षिणा, ते हिरण्यश्राद्ध. गाईला गवत घातलं तरी चालतं. आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने काय करावं, तेही विष्णुपुराणात आहे: त्याने रानात जाऊन दोन्ही हात वर करावे आणि पितरांना सांगावं की माझ्याजवळ धन नाही, सामग्री नाही, फक्त भक्ती आहे, तिनेच तृप्त व्हा. बँकेत मी आयुष्यभर किमान शिलकीचे नियम बघितले. इथली किमान शिल्लक म्हणजे दोन रिकामे हात. शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्यालाही दार बंद नाही.

आता एका प्रश्नाला टाळून चालणार नाही. दत्तभक्ताने इतकं गुंतावं का? भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यात एक कपोत आहे. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं सापडली, त्यांच्यामागे कपोती गेली, आणि तिला अडकलेली बघून कपोत विलाप करीत स्वतःहून जाळ्यात पडला. अवधूत म्हणतो, अति आसक्तीचा हा परिणाम. हे वर्षभर माझ्या मनात घोळत होतं. मी तोच कपोत का? एका सत्संगी गृहस्थांनी मला तसं सुचवलंही.

मी ती कथा पुन्हा पुन्हा वाचली. मला जे समजलं ते असं: पारध्याने कपोताला पकडलेलं नाही. जाळं समोर दिसत असताना त्याने त्यात उडी घेतली. त्याने घरटं बांधलं, जोडीदारावर जीव लावला, पिल्लांना चारा आणला. एवढ्याने तो बुडाला नाही. बुडाला तो त्या क्षणी, जेव्हा आपले पंख अजून मोकळे आहेत हे त्याला दिसेनासं झालं. आठवण येणं म्हणजे जाळं नव्हे. तिच्या आठवणीने गोळ्या बंद करणं, नातवंडांकडे पाठ फिरवणं, देवळाची पायरी सोडणं, ही उडी. एवढा भेद करता आला तर रडणारा माणूसही अवधूताचा शिष्य राहू शकतो, असं मला वाटतं. जाणकारांना वेगळं वाटत असेल तर त्यांनी सांगावं.

त्याच चोवीस गुरूंत चंद्रही आहे. कला वाढतात, कमी होतात. त्या काळाच्या योगाने. चंद्र स्वतः ना वाढतो ना घटतो. जन्मापासून मरणापर्यंतच्या अवस्था देहाच्या आहेत, आत्म्याच्या नाहीत, हे अवधूत त्याच्याकडून शिकला. हे वाचलं तेव्हा मला तिथीचा अर्थ नव्याने कळला. आपण गेलेल्या माणसाचा दिवस सूर्याच्या तारखेवर न ठेवता चंद्राच्या कलेवर ठेवतो. वद्य दशमीला रात्री उशिरा उगवणारा तो निम्म्याहून कमी उरलेला चंद्र दर महिन्याला तसाच येतो. तो कमी दिसतो, पण कमी झालेला नसतो.

राहता राहिला हिशेब. नोव्हेंबरात मी दरवर्षीप्रमाणे पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला. 'मी हयात आहे' असं लिहून खाली सही. पूर्वी काउंटरच्या आतल्या बाजूने असे शेकडो दाखले घेतले. यंदा सही करताना पहिल्यांदा त्या शब्दाचं वजन हाताला लागलं. आमचं संयुक्त खातं होतं, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, अशा प्रकारचं. खातं उघडताना ही ओळ कुणी वाचत नाही. मागे राहणाऱ्याला शिल्लक मिळते, हे बँकेला माहीत असतं. मागे राहणाऱ्यावर काय देणं येतं, ते फॉर्मवर नसतं.

ते देणं मला असं दिसतं. मार्चअखेरीला आम्ही पुस्तकं बंद करायचो. रात्री उशिरापर्यंत बसून पै न् पै जुळवायची, मग वर्ष बंद. पण वर्ष बंद झालं म्हणून कुणाचं खातं बंद होत नाही. एक एप्रिलच्या पानावर पहिली ओळ असते ती मागील शिल्लक पुढे आणल्याची. वर्षश्राद्ध ही मला तशी वर्षअखेर वाटते. 'गेल्या वर्षी ती होती' हे वाक्य त्या दिवशी बंद होईल, ते बंद करावंच लागेल. पण तिने या घरात जे ठेवलं, ते पुढच्या पानावर पहिल्या ओळीत येईल: मुलाचा मोकळा स्वभाव, लेकीच्या हाताची चव, गुरुवारी देवळात नेमाने जाण्याची मला लागलेली सवय. पुढचे सगळे व्यवहार त्या शिलकीवर होतील.

ही सवाष्ण गेली, म्हणून बायका मला म्हणाल्या होत्या, "सोन्यासारखं मरण आलं." त्या वेळी ते कानाला टोचलं. पुढच्या भाद्रपदात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची आहे. तेव्हा त्या बायकांनाच बोलवीन म्हणतो. त्यांनी जे दिलं ते त्यांच्याजवळचं उत्तम होतं.

यंदा दत्तजयंतीला पाळण्याची दोरी सुनेच्या हाती असेल. ज्यांच्या घरी यंदा वर्ष व्हायचं आहे त्यांनी देवळात यायला संकोच करू नये. एका कडेला बसावं, सुंठवडा घ्यावा, आणि शेजारी कुणी गप्प बसलेलं दिसलं तर थोडं सरकून त्याला जागा द्यावी.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥